लोकसंख्या मनोऱ्याचा प्रश्न: जाड पट्ट्या तरुणांच्या, मग उत्तर ‘निवृत्तिवेतन’ कसं?

अभ्यासिका_लातूर
सराव परीक्षेतल्या एका प्रश्नावरून आमच्या अभ्यासिकेत दोन गट पडलेत, म्हणून धागा काढतोय. एका काल्पनिक देशाचा लोकसंख्या मनोरा दिला होता आणि विचारलं होतं: ‘या देशात पुढील १५ वर्षांत सरकारकडे कोणत्या सेवेची मागणी सर्वांत वेगाने वाढेल?’

(अ) प्राथमिक शाळा (ब) तरुणांसाठी रोजगार (क) वृद्धांसाठी निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा (ड) माता-बालसंगोपन

आकृती इथं चढवता येईना, म्हणून पट्ट्या मोजून आकडे देतो. स्त्री-पुरुष मिळून, लाखात, खालून वर:

०–४: ६, ५–९: ७, १०–१४: ८
१५–१९: ९, २०–२४: ९, २५–२९: ९
३०–३४: ८, ३५–३९: ८, ४०–४४: ७
४५–४९: ७, ५०–५४: ६, ५५–५९: ५
६०–६४: ४, ६५–६९: ३, ७०–७४: २, ७५ च्या पुढं: २

एकूण बरोबर १ कोटी. उत्तरतालिकेत क दिलंय. आमच्यातले निम्मे ब म्हणायलेत, कारण सगळ्यात लांब पट्ट्या १५ ते २९ च्या आहेत, तिन्ही मिळून २७ लाख. साठीच्या वरचे सगळे धरले तरी ११ लाख. २७ लाख पोरं रिकामी बसलेली असताना सरकार ११ लाखांकडं कशाला बघेल? हरकत नोंदवायची मुदत उद्या संपतेय.

खडकाळ_रान
तालिका बरोबर आहे. पाया अरुंद दिसला की देश म्हातारा, आणि देश म्हातारा असला की निवृत्तिवेतन. जपानचा मनोरा काढून बघ, असाच आहे. या देशाची लोकसंख्या घटायला लागलीय. एवढं पाठ कर आणि पुढं चल, परीक्षेत एका प्रश्नावर एवढा वेळ घालवलास तर बाकीचा पेपर राहील.

पूर्णाकाठ
मला तर चारही पर्याय चुकीचे वाटतात. लोकसंख्या म्हटलं की आधी नियंत्रण. आमच्या भागात तिसरं लेकरू झालं म्हणून ग्रामपंचायतीचं सदस्यत्व गेलेली माणसं आहेत. दोन अपत्यांची अट सगळीकडं लावा, मग निवृत्तिवेतन पण परवडेल आणि नोकऱ्या पण पुरतील. हा पर्याय कसा नाही दिला?

अभ्यासिका_लातूर
@पूर्णाकाठ दादा, वाढ कशी थांबवायची हे विचारलंच नाही. मागणी कशाची वाढेल एवढंच विचारलंय. आणि खालच्या पट्ट्या बघा ना, ८, ७, ६ अशा उतरत्याच आहेत. तिथं अट लावून काय करणार?

@खडकाळ_रान जपानशी कसं जुळतं ते सांगा ना. ११ टक्के म्हणजे म्हातारा देश का?

जुना_तक्ता
जिल्हा सांख्यिकी कार्यालयात नोकरी झाली, त्यामुळे असे मनोरे पुष्कळ काढलेत. खडकाळराव, तुमचं उत्तर बरोबर आलंय, पण कारण बरोबर नाही. असं पाठ केलं तर पुढच्या वेळी हाच मनोरा देऊन प्रश्न थोडा फिरवतील आणि तुम्ही पडाल.

आधी जपान. तिथं पासष्टीच्या वरचे शंभरात २९ आहेत आणि चौदा वर्षांपर्यंतची मुलं शंभरात जेमतेम ११. तुमच्या आकृतीतल्या देशात पासष्टीच्या वरचे ७ आणि मुलं २१. हा देश आज म्हातारा नाही. उलट कमावत्या वयाच्या माणसांच्या बाबतीत तो सध्या सगळ्यात चांगल्या दिवसांत आहे.

आता प्रश्न परत वाचा. ‘पुढील १५ वर्षांत’ आणि ‘वेगाने वाढेल’. म्हणजे आज कुठली पट्टी लांब आहे हे विचारलेलंच नाही, कुठली किती बदलेल हे विचारलंय. पट्टी पाच वर्षांची असली की पाच वर्षांत ती बरोबर एक पायरी वर सरकते. आज १० ते १४ मध्ये असलेली ८ लाख मुलं पाच वर्षांनी १५ ते १९ मध्ये असतील. दुसरीकडं जाणार कुठं? पंधरा वर्षं म्हणजे तीन पायऱ्या. कागद घ्या आणि सगळ्या पट्ट्या तीन घरं वर लिहा.

१५–१९ मध्ये ६ येतील, २०–२४ मध्ये ७, २५–२९ मध्ये ८. म्हणजे ज्या २७ लाखांवर तुमचा ब उभा आहे, तो गट १५ वर्षांनी २१ लाखांचा होतो. तो वाढत नाही, घटतो.

१५ ते ५९ हा सगळा गट आज ६८ लाख. सरकवल्यावर ७१ येतो, त्यातून मधल्या काळातले मृत्यू वजा करा, ७० धरा. म्हणजे जवळपास तिथंच.

आता वरचा भाग. आज ४५ ते ५९ मध्ये ७, ६ आणि ५ असे १८ लाख आहेत. ते सगळे साठी ओलांडतील. त्यातले दोनेक लाख मध्येच जातील असं समजा, १६ उरतात. आज साठीच्या वर असलेल्या ११ लाखांपैकी पंधरा वर्षांनी ५ लाख उरले असं धरा. मिळून २१. आज ११ आणि तेव्हा २१, जवळपास दुप्पट. दुसरा कुठलाही गट या वेगाने वाढत नाही. मृत्यूचा अंदाज मी ढोबळ घेतलाय. तो थोडा कमी-जास्त केला तर २१ चे १९ होतील नाहीतर २२ होतील, पण क्रम बदलणार नाही. म्हणून क. हरकत नोंदवू नका, फी वाया जाईल.

खडकाळ_रान
पण पाया अरुंद आहे म्हणूनच हे झालं ना? मी तेच म्हणत होतो.

जुना_तक्ता
नाही, इथंच गोम आहे. साठीच्या वरचा आकडा दुप्पट झाला तो ४५ ते ५९ च्या पट्ट्यांमुळे. त्या पट्ट्यांतली माणसं पन्नासेक वर्षांपूर्वी जन्मलेली. पाया उद्या रुंद झाला तरी ती म्हातारी होणारच. पाया झाकून ठेवा आणि फक्त वरचा अर्धा मनोरा बघा, तरी क हेच उत्तर येईल. पाया लागतो तो अ आणि ड खोडायला.

आणि लोकसंख्या घटायला लागलीय म्हणालात, तेही तपासा. पुढच्या १५ वर्षांत किती जन्म होतील? आज २० ते ३४ मध्ये ९, ९ आणि ८ असे २६ लाख आहेत, त्यातल्या साधारण निम्म्या बायका. त्यांच्यामागे गेल्या पाच वर्षांतली ६ लाख मुलं आज खालच्या पट्टीत आहेत. पाच वर्षांनी याच वयात २७ लाख असतील, दहा वर्षांनी २६, पंधरा वर्षांनी २४. म्हणजे प्रत्येक बाईमागे मुलं आजच्याइतकीच राहिली तर प्रत्येक पाच वर्षांना सहाच्या आसपासच जन्म होतील, तीन पट्ट्या मिळून १८ लाख. मग एकूण १८, ७० आणि २१ म्हणजे १०९ लाख. पाया आकसलेला असूनही देश नऊ लाखांनी वाढला. आईबाप होण्याच्या वयाची माणसं भरपूर आहेत तोवर हे असंच चालतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी १.७ मुलं आली. पिढी टिकायला २.१ लागतात. तरी महाराष्ट्राची लोकसंख्या लगेच उतरायला लागली असं झालं नाही, त्याचं कारण हेच.

अभ्यासिका_लातूर
बाबा, एकदम मोकळं झालं डोकं. तीन घरं वर सरकवायचं कुणी सांगितलंच नव्हतं, सगळे आकाराची नावं पाठ करून घेतात. त्रिकोण, घंटा, कलश.

एक शंका. आकृतीत लाख न देता टक्के दिले असते तर?

जुना_तक्ता
चांगली शंका. टक्के सरकवता येत नाहीत. वर तुमचा देश योगायोगाने एक कोटीचा आहे, म्हणून आज लाख आणि टक्के सारखे दिसतात. पंधरा वर्षांनी एकूण १०९ लाख झाले की २१ लाखांचे १९ टक्के होतात. इथं फरक छोटा आहे. पण झपाट्याने वाढणाऱ्या देशात, उदाहरणार्थ नायजरसारख्या, जिथं निम्म्याच्या आसपास लोक पंधरा वर्षांच्या आतले आहेत, तिथं फसगत मोठी होते. म्हाताऱ्यांची संख्या वाढत असते आणि टक्का जागच्या जागी राहतो. रुग्णालयात खाट माणसाला लागते, टक्क्याला नाही. म्हणून आडव्या अक्षाखाली काय लिहिलंय ते पट्ट्यांच्या आधी वाचायचं.

गेवराईची_लेक
मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बीड जिल्ह्यात. हे वाचून माझं एक जुनं कोडं इथं मांडावंसं वाटलं. नववीच्या पोरांकडून मी जानेवारीत गावाचा मनोरा करून घेतला. घरोघर जाऊन वय विचारायचं आणि तक्ता भरायचा. निघालेला आकार कुठल्याच पुस्तकात नाही. वर आजी-आजोबा भरपूर, शाळेच्या वयाची लेकरं बऱ्यापैकी, आणि २० ते ४० चा भाग असा आत गेलेला की कंबरेला दोर बांधल्यासारखा. त्याहून नवल म्हणजे ०–४ ची पट्टीसुद्धा तुटकी. तालुक्यातल्या एका शिक्षकांनी बघितलं आणि म्हणाले, जन्मदर कोसळलाय, अंगणवाडी बंद होणार तुमची.

कारण मला माहीत होतं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला, कोयत्यावर जातं. पण मनोऱ्यावरून हे ओळखता येतं का? की कुणी सांगितल्याशिवाय कळायचंच नाही?

जुना_तक्ता
ताई, ओळखता येतं, आणि तुमच्या मनोऱ्यात खूण ढळढळीत आहे. नुसता जन्मदर पडला असता तर ०–४ ची पट्टी कमी दिसली असती, पण २० ते ४० जागेवर असते. गडी एकटे पुण्या-मुंबईला कामाला गेले असते तर फक्त पुरुषांची बाजू आत गेली असती, बायका आणि तान्ही लेकरं गावातच दिसली असती. तुमच्याकडं दोन्ही बाजू सारख्या आत गेल्यात आणि सोबत तान्ही लेकरंही नाहीत. म्हणजे जोडप्याने गेलेत आणि अंगावरचं लेकरू बरोबर नेलंय. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, तेच चित्रात उतरलंय. शाळेत जाणारी लेकरं मागे राहिली ती आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात.

दुबई-कतारकडचे मनोरे बघितलेत तर याची दुसरी बाजू दिसेल. तिथं २५ ते ४४ च्या पुरुषांच्या पट्ट्या एका अंगाला बाहेर आलेल्या असतात आणि बायकांची बाजू नेहमीसारखी, कारण कामगार एकटे येतात. तिथल्या सरकारांना इतका मोठा कमावता गट मिळूनसुद्धा त्यांच्या म्हातारपणाची फार चिंता नाही, कारण करार संपला की माणूस परत जातो. म्हणजे पट्टी वर सरकवण्याचा जो नियम मी वर सांगितला, तो स्थलांतराच्या देशात आणि स्थलांतराच्या गावात लागू होत नाही. माणूस वयाने वर सरकण्याआधीच चित्राबाहेर जातो.

तुमच्या गावाची खात्री करायची तर हीच मोजणी मे महिन्यात पुन्हा करा. कंबर भरून आली तर ऊसतोड, नाही भरली तर माणसं कायमची गेली.

पूर्णाकाठ
मग जनगणनेत काय होतं? ती पण उन्हाळ्याच्या आधीच असते ना?

जुना_तक्ता
हो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन गाळप हंगामात. नियम असा की त्या सगळ्या दिवसांत माणूस घराबाहेर असेल तर तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे बीडच्या वाडीवरची माणसं कागदावर साखर कारखान्याजवळच्या फडातली झाली, आणि पालावर कुणी फिरकलंच नाही तर कुठलीच झाली नाहीत. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तेव्हा हंगामाचं तेच.

हा आकडा फक्त पुस्तकात राहत नाही. ग्रामपंचायतीला येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीत लोकसंख्येला मोठं वजन असतं. आणि माणसं परत येतात एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमकी टँकर लागतात तेव्हा.

गेवराईची_लेक
अगदी. आणखी एक. आमच्या मनोऱ्यात वरच्या भागात ६०, ६५, ७० या वयांना दातेरी टोकं आली होती, कारण पोरांनी आधी एकेका वर्षाचा तक्ता केला होता. म्हातारी माणसं म्हणतात, रझाकाराच्या वेळी मी पाळण्यात होते, नाहीतर बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं होतं. पोरं त्यावरून गोळाबेरीज करून ७५ लिहितात. माझ्या चुलतसासूचं आधारवरचं वय तिच्या थोरल्या लेकाच्या वयाशी जुळवलं तर बाई नवव्या वर्षी बाळंत झाली असं निघतं. जन्मतारीख अर्थातच १ जानेवारी. त्या वयापायी तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे सुरू व्हायला उशीर झाला, कारण कागदावर पासष्टी भरेना.

जुना_तक्ता
शून्य आणि पाचावर वय गोळा होणं हे आपल्या गणनेत जुनंच आहे. पाच-पाच वर्षांच्या पट्ट्या केल्या की बरंचसं झाकलं जातं, सगळं नाही. मात्र एकाच वर्षाची खाच दिसली की दर वेळी ती चूक समजू नका. जपानच्या मनोऱ्यात १९६६ ला खोल खाच आहे आणि ती खरी आहे. त्यांच्या पंचांगात ते वर्ष मुलीच्या जन्माला अशुभ मानतात, त्यामुळे त्या एका वर्षात आधीच्या वर्षापेक्षा चौथाईने जन्म कमी झाले. पुढच्या वर्षी आकडा परत वर. खाच एकाच वर्षाची आहे आणि दोन्ही अंगांना सारखी आहे, म्हणून ती वय सांगण्यातली गफलत नाही हे कळतं.

खडकाळ_रान
बीडचा विषय निघालाच आहे तर, खालच्या पट्टीत मुलांची बाजू लांब दिसली की गर्भलिंगनिदान, हे तरी बरोबर ना?

जुना_तक्ता
थोडी लांब असते ती निसर्गाने. जगात कुठंही १०० मुलींमागे १०५ च्या आसपास मुलगे जन्मतात. शंका घ्यायची ती फरक किती आहे यावरून. २०११ मध्ये बीडला सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या, म्हणजे १०० मुलींमागे जवळजवळ १२४ मुलगे. एवढा फरक निसर्ग करत नाही. पण परीक्षेतल्या बारीक आकृतीत डोळ्यांनी १०५ आणि १२४ वेगळे काढणं अवघड, पट्टी लावून मोजावं लागतं.

हिशेबी
उशिरा येतोय. कोषागारात काम करतो, त्यामुळे मला क खटकतोय. मागणी वाढेल हे मान्य. पण नागरिकशास्त्राचा प्रश्न म्हणजे सरकारने काय करावं हे त्यात आलंच. जुना_तक्ता यांचेच आकडे घेतो. आज साठीच्या एका माणसामागे कमावत्या वयाचे सहा आहेत, पंधरा वर्षांनी ७० भागिले २१, म्हणजे सव्वातीन. निवृत्तिवेतन देणार कोण? जे आज १५ ते २९ मध्ये आहेत तेच. तेव्हा ते ३० ते ४४ चे असतील. त्यांना आज कामाला लावलं नाही तर तेव्हा कर कुठून येणार? म्हणून सरकारच्या दृष्टीने आजचं उत्तर ब.

शिवाय १५ ते ५९ म्हणजे कमावते, ही मनोऱ्याची सगळ्यात मोठी थाप आहे. त्यात ही अभ्यासिकेतली सगळी पोरं येतात, जी तीस वर्षांची होईपर्यंत घरून पैसे मागवतात. घर सांभाळणाऱ्या बायका येतात, ज्या राबतात पण कर भरत नाहीत. शेतमजूर येतात, ज्यांच्याकडून प्राप्तिकर काय घेणार? मनोरा वय सांगतो, पगार सांगत नाही.

अभ्यासिका_लातूर
अभ्यासिकेतल्या पोरांवर घसरू नका हो साहेब 😄 पण मुद्दा पटतो.

जुना_तक्ता
पगाराचं पटलं. मनोऱ्यावरून फक्त कमाल मर्यादा कळते, प्रत्यक्ष कमावणारे किती हे दुसऱ्या तक्त्यातून घ्यावं लागतं. पण प्रश्नाचं क्रियापद ‘वाढेल’ आहे, ‘करावे’ नाही. तिथं ‘सरकारने प्रथम कशावर खर्च करावा’ असं असतं तर मीही तुमच्याबरोबर भांडलो असतो, आणि अशा प्रश्नाला एकच उत्तर ठेवणं अन्यायाचं झालं असतं.

एक मात्र तुमच्या हिशेबात घालतो. मुलं आणि म्हातारे एकत्र धरले तर आज १०० कमावत्या वयाच्या माणसांमागे ४७ जण अवलंबून आहेत, पंधरा वर्षांनी ५६. बेरीज थोडीच वाढते. पण आतली वाटणी उलटते. आज ४७ पैकी ३१ मुलं आहेत, तेव्हा ५६ पैकी ३० म्हातारे असतील. मुलांचा खर्च पुष्कळसा आईबाप उचलतात, म्हाताऱ्यांचा औषधपाणी आणि निवृत्तिवेतनाचा खर्च सरकारी तिजोरीकडं जास्त येतो.

हिशेबी
हे तुमच्या काल्पनिक देशात. आमच्याकडं म्हाताऱ्याचा खर्चही लेकच उचलतो, सरकारचे महिन्याला पंधराशे. त्यात गुडघ्याच्या गोळ्या येतात, शस्त्रक्रिया येत नाही. तिजोरीवर भार किती पडेल हे मनोरा ठरवत नाही, सरकार किती द्यायचं कबूल करतं त्यावर ते ठरतं. यावर मी मागे हटणार नाही.

गेवराईची_लेक
आणि अ पर्याय खोडलात, तेही कागदावर बरोबर. पण आमच्याकडं पट घटला तो सगळा जन्म कमी झाल्यामुळे नाही. निम्मा इंग्रजी शाळेच्या गाडीने गेला, निम्मा उसाच्या फडात. मुलं कमी झाली म्हणून शाळा जवळच्या मोठ्या शाळेत घालायची म्हटलं तर वाडीवरच्या पोरीला तीन किलोमीटर चालत कोण पाठवणार? मुलं अर्धी झाली तरी वाडी तिथंच राहते.

पूर्णाकाठ
आता मला प्रश्न कळला. माझा नियंत्रणाचा पर्याय मागं घेतो. पण सदस्यत्व गेलेल्या माणसाला हे कुणीतरी समजावून सांगा.

अभ्यासिका_लातूर
हरकत नोंदवत नाही. पण संचातला पुढचा प्रश्न याच आकृतीवर आहे: ‘या देशाने निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं तर १५ वर्षांनी काय होईल?’ मी सरकवून बघितलं. ६०–६४ मध्ये ७ लाख येतात, त्यातले काही वजा करून साडेसहा धरले तर कमावते साडेशहात्तर होतात आणि वरचे साडेचौदा. म्हणजे एका म्हाताऱ्यामागे सव्वापाच. बरोबर आहे का?

जुना_तक्ता
आकडा बरोबर. आता हिशेबी विचारतील की त्या साडेसहा लाखांना काम कोण देणार, आणि ऊस तोडणारा माणूस बासष्टाव्या वर्षी कोयता उचलू शकतो का. त्याचं उत्तर आकृतीत नाही.